निफ्टी ५० की नेक्स्ट ५०: वहिनींच्या एसआयपीचा हिशेब

सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या आमच्या वहिनी शाळेतून निवृत्त झाल्या आणि दरमहा पाच हजार रुपये इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या एखाद्या निर्देशांकातल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात, टाकायचं त्यांनी ठरवलं. बँकेत कुणी सांगितलं, निफ्टी ५० घ्या. भाचा म्हणाला, नेक्स्ट ५० घ्या, उद्याच्या मोठ्या कंपन्या तिथूनच येतात. "भाऊजी, दोन्हीकडे पन्नासच कंपन्या. मग फरक कशात?" असं त्यांनी विचारलं. फरक दोन गोष्टींत आहे: कंपनी आत येते ती कशाच्या जोरावर, आणि बाहेर जाते ती कुठे.

पण आधी निर्देशांकात कुठल्या कंपनीचं वजन, म्हणजे वाटा, किती हे कसं ठरतं ते बघू. पूर्वी हरिपूरच्या पेवांत हळद साठवून ठेवत. पेवात कितीही हळद असो, सौद्याला जेवढी पोती येतील तेवढ्यावरच त्या दिवशीचा व्यवहार होणार. शेअरचंही तसंच आहे. प्रवर्तकांकडचे, सरकारकडचे किंवा विक्रीला बंदी असलेले शेअर सहसा बाजारात येत नाहीत. ते वगळून जे उरतात त्यांना फ्री फ्लोट म्हणतात. निफ्टी ५० जून २००९ पासून याच हिशेबानं मोजला जातो, सेन्सेक्स २००३ पासून.

समजा दोनच कंपन्यांचा निर्देशांक आहे. 'अ'चे १० कोटी शेअर, भाव ५०० रुपये, म्हणजे एकूण मूल्य ५,००० कोटी. पण त्यातले ७५ टक्के प्रवर्तकांकडे. फ्री फ्लोट मूल्य १,२५० कोटी. 'ब'चं एकूण मूल्य ३,००० कोटी, प्रवर्तकांकडे २० टक्केच, म्हणून फ्री फ्लोट २,४०० कोटी. दोन्ही मिळून ३,६५० कोटी. याला आपण १,००० अंक मानू, म्हणजे बेरजेला ३,६५० नं भागून १,००० नं गुणायचं. आता 'अ' दहा टक्के वाढली तर निर्देशांक १,०३४ वर जातो, 'ब' तेवढीच वाढली तर १,०६६ वर. आकारानं लहान असलेली 'ब' इथे जड पडते. खऱ्या निफ्टीतही हेच दिसतं. २०२४ आणि २०२५ मध्ये एकूण मूल्यात रिलायन्स सर्वांत मोठी होती, पण प्रवर्तकच नसलेल्या एचडीएफसी बँकेचं निफ्टीतलं वजन तिच्यापेक्षा जास्त होतं.

आता 'अ' काढून २,००० कोटी फ्री फ्लोटची 'क' घेतली, तर बेरीज एकदम वाढेल. तेवढ्यानं निर्देशांक उडी मारू नये म्हणून बेरजेला भागणारा आकडा, म्हणजे भाजकही, त्याच प्रमाणात वाढवतात. 'ब' दहा टक्के वाढल्यावर बेरीज ३,८९० कोटी होती. अदलाबदलीनंतर ती ४,६४० कोटी झाली, म्हणून भाजक ३,६५० वरून सुमारे ४,३५४ केला जातो. निर्देशांक १,०६६ वरच राहतो. कंपनी बदलली म्हणून रातोरात कुणाला फायदा होत नाही, आणि जुन्या कंपनीनं केलेला तोटाही पुसला जात नाही. येस बँक मार्च २०२० मध्ये निफ्टीतून गेली, पण तोवर झालेली पडझड निफ्टी ५० च्या प्रत्येक गुंतवणूकदारानं सोसली होती. "खराब कंपनी निर्देशांक काढून टाकतो" हे खरं आहे, मात्र तो उशिरा काढतो.

आता दाराकडे येऊ. देशातल्या पहिल्या शंभर कंपन्यांची यादी एकूण बाजारमूल्यावर ठरते. त्या शंभरातून निफ्टी ५० ची निवड मात्र फ्री फ्लोटवर होते, आणि राहिलेल्या पन्नास म्हणजे नेक्स्ट ५०. हे कळलं की एलआयसीचं कोडं सुटतं. मे २०२२ मध्ये एलआयसीचा शेअर ९४९ रुपयांना विकला गेला तेव्हा तिचं एकूण मूल्य सुमारे ६ लाख कोटी होतं, पण सरकारनं विकले फक्त ३.५ टक्के शेअर. म्हणजे फ्री फ्लोट जेमतेम २१,००० कोटी. एवढी अवाढव्य कंपनी नेक्स्ट ५० मध्ये आली, आणि तिथेही लहान वजनानं. निफ्टी ५० साठी कंपनीच्या शेअरमध्ये फ्युचर्सचे, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचे, व्यवहार चालू असावे लागतात. तेही तेव्हा एलआयसीत नव्हते. पुढे सरकारनं आणखी हिस्सा विकला, तर भाव तसाच राहूनही तिचं वजन वाढेल.

निफ्टी ५० मध्ये शिरायला आणखी एक उंबरठा आहे. नव्या कंपनीचं सरासरी फ्री फ्लोट मूल्य यादीतल्या सर्वांत लहान कंपनीच्या किमान दीडपट हवं. तसं नसतं तर काठावरच्या दोन कंपन्या दर सहामाहीला जागा बदलत बसल्या असत्या. जानेवारी आणि जुलैअखेरपर्यंतच्या सहा महिन्यांची सरासरी घेतात, बदल मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी लागू होतात, आणि चार आठवडे आधी जाहीर होतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रेंट आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स निफ्टी ५० मध्ये गेल्या, दिवीज आणि एलटीआयमाइंडट्री खाली नेक्स्ट ५० मध्ये आल्या. नेक्स्ट ५० च्या फंडानं ट्रेंटची वाढ अनुभवली आणि बढतीच्या दिवशी ती विकली. त्याच दिवशी निफ्टी ५० च्या फंडानं चढ्या भावात ती घेतली. ऑक्टोबरमध्ये ट्रेंटनं उच्चांक गाठला आणि पुढच्या काही महिन्यांत ती बरीच उतरली. म्हणजे भाच्याचं म्हणणं या वेळी तरी खरं ठरलं. तरीही एका उदाहरणावर मी नियम मांडणार नाही. वर गेलेली कंपनी पुढेही वर्षानुवर्षं वाढू शकते, आणि तेव्हा नेक्स्ट ५० वाल्याच्या हातात ती नसते. त्याच्याकडे वरून घसरलेल्या आणि खालून नुकत्याच आलेल्या कंपन्या असतात. नेक्स्ट ५० मध्ये खरेदीविक्रीही जास्त होते, त्यामुळे फंडाचा परतावा निर्देशांकाच्या थोडा मागे पडतो. बाजार कोसळतो तेव्हा नेक्स्ट ५० सहसा निफ्टी ५० पेक्षा खोल जातो. २००८ मध्ये तसंच झालं, आणि सप्टेंबर २०२४ नंतरच्या घसरणीतही.

दुसऱ्या बाजूनं, निफ्टी ५० मध्ये फ्री फ्लोटच्या हिशेबामुळे बँका जड होतात, कारण मोठ्या खासगी बँकांत प्रवर्तकांचा हिस्सा कमी किंवा अजिबात नसतो. वहिनींचं निवृत्तिवेतन आणि ठेवी आधीच बँकेत आहेत, म्हणून त्यांना हे सांगणं मला जरुरीचं वाटलं. नेक्स्ट ५० मध्ये वजन जास्त पसरलेलं असतं.

वहिनींना पाच वर्षांनी यातलेच पैसे मिरजेच्या घराच्या दुरुस्तीला लागणार आहेत. तेवढ्या मुदतीत नेक्स्ट ५० ची खोल घसरण भरून येईलच असं मी म्हणू शकत नाही, आणि खरं तर पाच वर्षं निफ्टी ५० लाही कमीच. म्हणून दुरुस्तीचे तीन हजार दरमहा आवर्ती ठेवीत, दीड हजार निफ्टी ५० मध्ये आणि नातीच्या नावे मनात धरलेले पाचशे नेक्स्ट ५० मध्ये, असं आम्ही ठरवलं. नात आता चौथीत आहे. फंड निवडताना वहिनींनी दोन्हीकडच्या फंडांची वार्षिक खर्चाची टक्केवारी आणि गेल्या तीन वर्षांतलं परताव्याचं निर्देशांकापासूनचं अंतर वहीत शेजारीशेजारी लिहून काढलं, आणि दोन्हीकडे ज्याचं अंतर तिन्ही वर्षं कमी होतं तो घेतला.