मणक्याचा टीबी: नुसती औषधं की ऑपरेशन?

समजा, पस्तिशीची बाई. डी९-डी१० मणक्यांमध्ये टीबी, पाठ दुखते, पण पायांत ताकद शाबूत. एमआरआयमध्ये पू दिसला की घरचे लगेच विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन कधी?" बहुधा गरज नसते. सुईने नमुना घेऊन निदान पक्कं करायचं. मग दोन महिने चार औषधं, पुढे दहा महिने तीन, सोबत पट्टा. पू बराचसा औषधांनीच जिरतो.

औषधं जंतू मारतात, खचलेलं हाड मात्र उभं करत नाहीत. टीबी मणक्याचा पुढचा भाग, चकतीलगत, खातो. मागची कमान टिकते. म्हणून मणका पाचरीसारखा दबतो आणि कुबड येतं.

तेव्हा ऑपरेशनचं पारडं कधी जड? तीन-चार आठवडे औषधं घेऊनही पायांची ताकद घटत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल किंवा कुबड साठ अंशांकडे चाललं असेल तेव्हा. लहान मुलांत तर मी जास्तच धास्तावतो: आजार बरा झाल्यावरही वाढीच्या वयात कुबड वाढत राहतं, म्हणून दर सहा महिन्यांनी बाजूचा एक्स-रे. आणि स्क्रू-रॉड बसवले तरी गोळ्यांचा कोर्स तेवढाच.