केमोच्या आधी: बीजं गोठवायची की भ्रूण?

ती आमच्याकडे आली तेव्हा स्तनाच्या शस्त्रक्रियेला नऊ दिवस झाले होते. वय 28, लग्नाला दोन वर्षं, मूल नाही, नवरा यंत्रमागावर. सोबत सासूबाई आणि नणंद. हातात कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: तीन आठवड्यांत केमो सुरू करायची आहे, त्याआधी मुलाबाळांचं काय ते विचारून घ्या. मी सोलापुरात वंध्यत्व केंद्रात समुपदेशनाचं काम करते. अशी चिठ्ठी घेऊन येणाऱ्या फार थोड्या. बाकीच्या केमो संपल्यावर, पाळी बंद झाल्यावर येतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तिचं प्रकरण तपशिलात सांगते. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

तिच्या केमोत सायक्लोफॉस्फमाइड होतं. हे औषध अंडाशयातला बीजांचा साठा कमी करतं, कधी संपवूनच टाकतं. गर्भाशय मात्र सहसा शाबूत राहतं. त्यामुळे बीजं आधीच बाहेर काढून ठेवली, तर पुढे त्याच गर्भाशयात बाळ वाढू शकतं.

सासूबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "नवराबायको आहेत, मग भ्रूणच ठेवा की. ते पक्कं असतं." बहुतेक घरांत हाच समज असतो. तो कितपत खरा आहे, ते बघू.

बीजं काढेपर्यंत दोन्ही वाटा एकच आहेत. पूर्वी पाळी येण्याची वाट बघावी लागायची, आता पाळीच्या कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात. तिची अकराव्या दिवशी सुरू झाली. इंजेक्शनं अकरा दिवस चालली, मध्ये चार वेळा सोनोग्राफी. तिची गाठ इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या जातीची होती, आणि या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन चढतं. म्हणून सोबत रोज लेट्रोझोलची गोळी दिली. तिने ते खाली राहतं. तुमची गाठ अशी असेल आणि या गोळीचा विषयच निघाला नाही, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

बीजं पिकवण्याचं शेवटचं इंजेक्शनही तिच्यासाठी मुद्दाम वेगळं निवडलं. नेहमीच्या एचसीजीने अंडाशय जास्त सुजण्याचा धोका असतो. पोट ताठ होणं, दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं ही त्याची लक्षणं. एरवी हा त्रास काही दिवसांत निवळतो, पण इथे त्यापायी केमो लांबू शकते. त्या शेवटच्या इंजेक्शनानंतर साधारण 36 तासांनी, गुंगी देऊन, योनीमार्गातून सुईने बीजं काढली. शस्त्रक्रियेपासून तो चोविसावा दिवस होता. केमो एकोणतिसाव्या दिवशी सुरू झाली.

भ्रूण करायला जास्त वेळ लागतो आणि केमो थांबते, असंही लोकांना वाटतं. तसं नाही. बीज आणि शुक्राणू एकत्र केल्यावर पुढचे पाच-सहा दिवस काम प्रयोगशाळेत चालतं. बाई घरी गेलेली असते.

मग फरक कुठे पडतो? तिची 12 बीजं निघाली, त्यांतली 9 पिकलेली. भ्रूण करायचे म्हटलं, तर नवातली सहा-सात फळतात आणि त्यांतली साधारण निम्मी पाचव्या दिवसापर्यंत टिकतात. म्हणजे तीन भ्रूण. गोठवलेला भ्रूण वितळवताना क्वचितच वाया जातो. आता बीजंच गोठवली तर? वितळवताना नवातलं एखादं जातं. उरलेल्या आठांतली पाच-सहा फळतात, आणि हाती दोन-तीन भ्रूण येतात. म्हणजे गळती दोन्हीकडे होणारच. भ्रूण केले तर ती आज कळते, बीजं ठेवली तर काही वर्षांनी कळते. सासूबाईंना वाटणारं 'पक्कं' ते एवढंच. तीन भ्रूण म्हणजे तीन बाळं नव्हेत, हेही मी त्यांना दोनदा सांगितलं. एकाही भ्रूणाने गर्भ राहणार नाही, हीसुद्धा शक्यता असते.

मला जास्त मोलाचा वाटतो तो संमतीचा मुद्दा. 2021च्या एआरटी, म्हणजे सहाय्यित प्रजननाच्या कायद्यानुसार भ्रूण दोघांच्या लेखी संमतीने होतो आणि तो गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घेता येते. उद्या संसार मोडला, तर ते भ्रूण तिला एकटीला वापरता येणार नाहीत. आणि केमोनंतर नवी बीजं निघतीलच असं नाही. गोठवलेल्या बीजांवर हक्क तिचा एकटीचा. मूल हवं तेव्हा ती याच नवऱ्याच्या शुक्राणूंनी भ्रूण करून घेऊ शकते, त्यात काही कमी होत नाही. हे मी तिला एकटीला बसवून सांगितलं. सासू-नणंदेसमोर अशा प्रश्नाचं खरं उत्तर कुणी देत नाही. अविवाहित मुलीपुढे तर हा पेच येतच नाही, तिने बीजंच ठेवावीत.

तरीही सरसकट बीजंच ठेवा असं मी म्हणणार नाही. बीज ही शरीरातली सर्वांत मोठी पेशी, आत पाणी भरपूर. गोठवणाऱ्याचा हात बसलेला नसेल, तर बर्फाचे कण होऊन ती फुटते. भ्रूण याबाबतीत चिवट. लहान शहरांतल्या बऱ्याच प्रयोगशाळांनी भ्रूण शेकड्याने वितळवलेले असतात, पण बीजं मोजकीच. म्हणून केंद्रात विचारा: गोठवलेली बीजं तुम्ही किती जणींची वितळवलीत, आणि त्यांतून बाळं झाली का? नोंदणी एआरटी लेव्हल 2ची आहे का, तेही बघा. लेव्हल 1ला हे काम करता येत नाही. उत्तर गुळमुळीत मिळालं, तर दोनच रस्ते उरतात. तपासण्या सोलापुरात करून बीजं काढायला पुण्याला जायचं, किंवा इथेच भ्रूण करायचे. थोडी बीजं, थोडे भ्रूण असा मधला मार्गही सुचवतात. पंधराच्या वर बीजं निघाली तर ठीक, पण नवाची वाटणी करून दोन्हीकडे तुटपुंजं उरतं.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये केमो दोन-तीन दिवसांत लागत असेल, तर यातलं काहीच बसत नाही. तेव्हा अंडाशय झोपवणारी, महिन्याला एक घ्यायची इंजेक्शनं देतात. थोडाफार आधार म्हणून ती ठीक, पण गोठवण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

पुरुषांचं काम सोपं, आणि म्हणूनच ते राहून गेलं की जास्त हळहळ वाटते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने वीर्याचे दोन-तीन नमुने द्यायचे, केमोच्या पहिल्या डोसआधी. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचावा लागतो, म्हणून बार्शी किंवा अक्कलकोटहून घरून डबीत आणून चालत नाही, केंद्रातच द्यावा. शुक्राणू कमी निघाले तरी ठेवावेत, कारण इक्सीमध्ये, म्हणजे सुईने शुक्राणू थेट बीजात सोडण्याच्या पद्धतीत, एका बीजाला एकच शुक्राणू पुरतो.

तिने बीजं ठेवली. नवरा म्हणाला, "तिची तब्येत सुधारू दे, मी कुठं चाललोय." पुढे पाच वर्षं किंवा जास्त हार्मोनच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांच्या परवानगीने मध्ये त्या थांबवून गर्भ राहू देण्याचा विचार करता येतो, पण पहिल्या दीड-दोन वर्षांत नाही. कायद्याने साठवण साधारणपणे दहा वर्षंच करता येते, म्हणजे तिच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत. साठवणीचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं. मी फॉर्मवर नवऱ्याच्या नंबरासोबत तिचा स्वतःचा आणि तिच्या भावाचा नंबर लिहून घेतला आणि पावतीची एक प्रत तिच्या माहेरी ठेवायला सांगितली.