मोजणीसाठी म्हणून मुखत्यारपत्र दिलं आणि माझ्या शेताचा सौदा झाला

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी मी दोन कागदांवर सह्या केल्या. त्या दोन सह्यांपायी आतापर्यंत माझे २ लाख ३४ हजार ९०० रुपये गेले आहेत आणि १ लाख ५१ हजार अजून द्यायचे आहेत. मी अडाणी नाही. बी.कॉम. आहे, सुरतेत एका मिलमध्ये आलेल्या मालाची चलनं तपासतो. दिवसभर कागदच वाचतो. म्हणून लाज जास्त वाटते. पण लिहितो, कारण आमच्याकडची निम्मी पोरं सुरत, नाशिक, पुण्याला आहेत आणि प्रत्येकाचं गावाकडचं काम कुणीतरी 'आपला माणूस' बघतोय.

आमचं शेत धुळे जिल्ह्यात, तापीच्या अलीकडे. सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर, म्हणजे दोन एकर, कपाशीचं. वडिलांनी वाटणीत माझ्या नावे केलेलं. शेजाऱ्यानं तीन वर्षांत बांध कोरत आणला, म्हणून सरकारी मोजणी मागवायची होती. दर वेळी सुट्टी काढली की माझे ९०० रुपये कापले जातात. वडिलांच्या मित्राचा मुलगा तहसील कचेरीच्या आवारात लोकांची कामं करून देतो. मी त्याला अप्पाच म्हणतो. तो म्हणाला, "तू कशाला हेलपाटे घालतो? एक मुखत्यारपत्र करून दे, मोजणीचं मी पाहतो." मोजणीच्या फीचे म्हणून १२,००० रुपये त्यानं आधीच घेतले होते. मोजणीचा अर्ज त्यानं कधी टाकलाच नाही, हे पुढं कळलं.

त्या दिवशी मला दुपारची सुरत गाडी धरायची होती. मी पोचलो तेव्हा कागद टाइप होऊन तयार होते. ५०० चे दोन स्टँप, दोन्ही माझ्याच नावावर घेतलेले. टायपिंगचे २०० आणि नोटरीचे ७०० मीच दिले. एक कागद मुखत्यारपत्र, दुसरं प्रतिज्ञापत्र, 'मोजणी ऑफिसला लागतं' म्हणून.

इथंच मला कळायला हवं होतं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क २००४ सालापासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं. मग त्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टँप कशाला होता? मला ही माफी माहीत होती. मुलीच्या दाखल्याचं प्रतिज्ञापत्र मी साध्या कागदावरच केलं होतं. पण त्या क्षणी डोक्यात गाडी होती.

दुसरी खूण त्याहून मोठी. मुखत्यारपत्राच्या तिसऱ्या पानावर ९ नंबरच्या कलमात 'तबदील' हा शब्द मला दिसला. मी त्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? नोटरीच्या टेबलाशी बसलेला टायपिस्ट म्हणाला, "तो कायम मायना असतो, सगळ्यांच्याच कागदात असतो." अप्पा नुसता हसला. मी बोट उचललं आणि सही केली. आजही रात्री झोपेत ते बोट मला त्या शब्दावर दिसतं.

आता तो मायना उलगडून सांगतो, कारण कोर्टातली मराठी वाचता येते, पण तिचा अर्थ लागत नाही.

मथळा होता 'कुलमुखत्यारपत्र'. 'कुल' म्हणजे सगळे अधिकार. एका कामापुरतं देतात ते खास मुखत्यारपत्र, त्यात गट नंबर आणि तेवढंच काम लिहितात. मोजणीला खास मुखत्यारपत्र पुरेसं होतं. मथळ्यातला तो एक शब्द पाहूनच मी उठायला हवं होतं.

४ नंबरचं कलम खरंच मोजणीचं होतं: 'भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज देणे, हजर राहणे, हद्दी दाखवून घेणे.' मला तेवढंच वाचून दाखवलं गेलं.

९ नंबर असं: 'सदरहू मिळकत गहाण, विक्री, बक्षीस, भाडेपट्टा अगर अन्य प्रकारे तबदील करणे, त्याबाबत साठेखत, खरेदीखत वगैरे दस्त लिहून देणे, मोबदल्याची रक्कम आमचे वतीने स्वीकारून पावती देणे.' तबदील म्हणजे दुसऱ्याच्या नावे करणे. साठेखत म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार. 'अगर अन्य प्रकारे' म्हणजे वर लिहायचं राहून गेलं असेल तेही. आणि सगळ्यात घातक शेवटचे शब्द, 'रक्कम स्वीकारून पावती देणे'. घेणाऱ्यानं त्याच्या हातात पैसे दिले की ते मला पोचले असं धरलं जातं. विक्रीचा अधिकार द्यायचीच वेळ आली, तरी रक्कम माझ्याच खात्यात जमा व्हावी, असं वाक्य लिहून घ्या.

११ नंबरमध्ये 'दुय्यम मुखत्यार नेमणे' होतं. कायद्यानं मुखत्याराला आपलं काम परस्पर तिसऱ्यावर सोपवता येत नाही, पण कागदात आपणच तशी मुभा दिली तर येतं. १२ नंबर: 'मुखत्यार यांनी केलेली सर्व कृत्ये आम्ही स्वतः हजर राहून केली असे समजण्यात येईल व ती आम्हांवर बंधनकारक राहतील.' हे वाक्य खास मुखत्यारपत्रातही असतं, ते एकटं वाईट नाही. पण ९ नंबरच्या खाली आलं की गळ्याला लागतं.

शेवटचं कलम: 'सदरचे मुखत्यारपत्र कायमचे असून ते रद्द करता येणार नाही.' वकिलांनी नंतर समजावलं की नुसतं असं लिहून ते अटळ होत नाही. त्या मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा काही हितसंबंध असेल, त्यानं पैसे गुंतवले असतील, तरच आपल्याला ते मोडणं अवघड होतं. आणि त्यासाठीच ते दुसरं प्रतिज्ञापत्र होतं! त्यात लिहिलं होतं की मला अप्पाकडून रोख १,००,००० रुपये मिळाले आणि त्यापोटी मी खुशीनं, शुद्धीत, कुणाच्या दबावाविना मुखत्यारपत्र देत आहे. एक रुपया मिळालेला नाही. मोजणीचा त्यात शब्द नव्हता. स्टँप उलटा केला असता तरी कळलं असतं. मागे विक्रेत्याचा शिक्का असतो, त्यात दस्ताचा प्रकार, दुसऱ्या पक्षकाराचं नाव, मोबदला रक्कम असे रकाने असतात. त्या 'मोजणीच्या' स्टँपवर मोबदल्याच्या रकान्यात एक लाख लिहिलेला होता.

मे महिन्यात शेजारगावच्या एका नानांची वकिलामार्फत नोटीस आली. त्यांनी अप्पाकडून माझ्या शेताचं साठेखत करून घेऊन ३,५१,००० इसार दिला होता, ३ लाख अप्पाच्या खात्यावर आणि ५१ हजार रोख. आता खरेदीखत करून द्या नाहीतर दावा लावतो. नानाही फसलेच आहेत, पण त्यांनी मला एक फोन केला असता तर? सातबारा माझ्या नावावर आहे, माझा नंबर गावात दहा जणांकडे आहे. आई एवढंच म्हणाली, "कितला शिकना रे तू." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग दारोदार सुरू झालं. पोलीस ठाण्यात चार वेळा गेलो. "तुम्हीच सही करून अधिकार दिले ना? मग हे दिवाणी आहे." अरे, मोजणीच्या नावाखाली विक्रीच्या कागदावर सही घेणं दिवाणी कसं? १२ हजार घेऊन अर्जच टाकला नाही, ते तरी दिवाणी आहे का? दर वेळी साहेब बंदोबस्ताला. शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज केला. तो 'चौकशीवर' आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर तोंडी सांगून परत फिरू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठाण्यात गुन्हा घेतला नाही तर अधीक्षक, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकारी, असा रस्ता आहे.

नोटरी म्हणाले, "मजकुराशी माझा संबंध नाही, मी फक्त सही माझ्यासमोर झाली एवढंच पाहतो." मग त्यांच्या इंग्रजी शिक्क्यात 'रेड ओव्हर अँड एक्स्प्लेन्ड' कशाला? त्याचा अर्थ मजकूर वाचून आणि समजावून सांगितला. मला कुणी काय समजावलं? 'आयडेंटिफाइड बाय' या ओळीखाली ज्या वकिलाची सही आहे, म्हणजे जो मला ओळखतो असं लिहून देतो, त्याला मी आजवर पाहिलेलं नाही. नोटरीचा लाल गोल शिक्का मजकूर खरा असल्याची हमी देत नाही, हे माहीत असू द्या. मात्र त्यांच्या रजिस्टरला नोंद आणि आपली सही असते, कागदावर नोंदीचा क्रमांक असतो. तो टिपून ठेवा. मी त्याच क्रमांकावर नोटरी नियमांखाली सरकारकडे तक्रार केली आहे. उत्तर नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दलेख नोंदवायला गेलो तर, "मूळ कागद आमच्याकडे नोंदलेलाच नाही, मग रद्द कशाचा नोंदवू?" तिसऱ्या फेरीला वकील सोबत नेले तेव्हा तोच लेख नोंदला गेला. नियम तेव्हा बदलला होता का? रद्द केल्याचं अप्पाला नोटिशीनं कळवलं आणि पेपरात जाहीर नोटीस दिली, ३,२०० रुपये. हे टाळू नका. रद्द झाल्याचं ज्याला माहीत नाही, त्याच्याशी मुखत्यारानं केलेला व्यवहार आपल्या अंगावर येऊ शकतो.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची निघाली. जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाला स्थावर विकायचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्राला महाराष्ट्रात खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. ५०० च्या स्टँपवर ते अपुरं. कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरल्याशिवाय कोर्ट ते पुराव्यात घेत नाही. म्हणून कुणी परक्यानं ५०० च्या स्टँपवर विक्रीचा अधिकार मागितला, तर तिथंच समजा.

वकील म्हणाले, दावा जिंकू, पण वर्षं जातील. नाना दाव्याला तयार होते, मला जमिनीवर तलवार टांगलेली नको होती. तडजोड केली, इसार मी परत करायचा. बायकोची पोत गहाण ठेवून २ लाख दिले. उरलेले दीड लाख आणि वर हजार दिवाळीपर्यंत. वकिलांचे १५,०००. अप्पाविरुद्ध वसुलीचा दावा वेगळा लागेल, त्याचा खर्च पुन्हा माझाच.

मूळ मुखत्यारपत्र अजून त्याच्याकडेच आहे. मला त्या दिवशी फक्त झेरॉक्स दिली होती. आता दर रविवारी 'आपली चावडी'वर गावाचं नाव टाकून माझ्या गटावर कुठल्या फेरफाराची नोटीस लागली का ते बघतो. लागली तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. रद्दलेखाच्या दोन प्रती आईच्या पेटीत आहेत, एक तलाठ्याकडे देऊन पोच घेतली आहे. बांध मात्र अजून मोजलेला नाही.