सेल्फीतला हात पुसायला GIMP: सात महिन्यांचा अनुभव

राजहंसगडावर काढलेला फोटो. मी, बायको, मागे दगडी तटबंदी. फक्त माझा उजवा हात सेल्फीच्या काठीसकट कोपऱ्यापर्यंत ताणलेला. सासूबाईंना तो फ्रेम करून हवा होता, म्हणून लॅपटॉपवर GIMP हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे. त्यानंतर पाव्हण्यांचे धरून वीसेक फोटो झाले असतील.

पहिला मी बिघडवलाच. हात पुसला, भिंत भरली, तरी बायको म्हणाली, "अहो, खांदा कानाला लावून उभारलाय की!" खरं होतं ते. काठी धरताना खांदा वर चढतो आणि शर्टाच्या चुण्या काखेकडून वर ओढल्या जातात. हात गेला तरी चढलेला खांदा तसाच राहतो. म्हणजे खांदा नवाच बसवावा लागतो.

मी डावा खांदा कॉलरपासून खाली बाहीसकट निवडून नव्या लेयरवर घेतला, आडवा उलटा केला आणि उजवीकडे सरकवला. जोड कॉलरच्या कडेला ठेवला. तिथं कापड तसंही बदलतं, त्यामुळं तो डोळ्याला लागत नाही. गंमत म्हणजे डाव्या बाजूचा खिसाही सोबत आला आणि मी दोन खिशांचा झालो. तो पुसला. उन्हाची भानगड राहिलीच: डावा खांदा उन्हात होता, उजवा सावलीत हवा. Curves नं नवा खांदा थोडा काळपट केल्यावर तो अंगाला चिकटला.

पार्श्वभूमी मात्र खांद्याच्या आधी, खालच्या लेयरवर करा. भिंतीला Clone बरं, Aligned चालू ठेवून. नमुना त्याच थरातल्या दोन दगडांच्या सांध्यावरून घ्यायचा आणि पहिला फटकाही तशाच सांध्यावर मारायचा, म्हणजे थराची रेघ मोडत नाही. Heal शर्टाच्या कडेजवळ नेलं की शर्टाचा रंग भिंतीत ओघळतो, कारण ते आजूबाजूच्या रंगाशी मिसळून घेतं. कडेला Clone, मधल्या भागात Heal. झालं की फोटो लहान करून बघा. एकच डाग दोनदा आला असेल तर लगेच कळतो. गोकाक धबधब्याच्या फोटोत हा त्रास नव्हता, पाण्याला सरळ रेघाच नसतात.

जमत नाही ते असं: दुसरा हात कुणाच्या खांद्यावर असेल तर उलटवायला सरळ बाहीच मिळत नाही. तेव्हा त्याच शर्टातला दुसरा फोटो शोधा, नाहीतर छातीपर्यंत कापा. ताणलेला हात शेजारच्याच्या अंगावरून गेला असेल तर मी हातच लावत नाही.

आता सेल्फीनंतर बाजूला होऊन, त्याच जागेवरून, त्याच कॅमेऱ्यानं रिकामी भिंत टिपून ठेवतो. ती खालच्या लेयरला टाकून जुळवली की निम्मं काम वाचतं.

सासूबाईंचा फोटो आता भिंतीवर आहे. माझ्या गॉगलच्या काचेत काठी अजून दिसते, पण ते त्यांना मी सांगितलेलं नाही.