ढिगाची ‘सरासरी उंची’ ऐकलीत की खिसा धरा. माझे २४,२०० रुपये गेले

५१,८१० रुपये मोजले आणि पाच ब्रास क्रश सँड मिळाली. बिलावर ९.४२ ब्रास आहे, दर ५,५०० रुपये. काम इस्लामपूरजवळचं. बावीस वर्षं बांधकामात काढलेल्या माणसाला हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

दोन डंपर एकावर एक रिकामे झाले. लगेच जेसीबीवाल्याने सगळा माल ओढून छान टोकदार ढीग लावला, तोही फुकट. मला कौतुक वाटलं! खरं तर तिथेच डोळे उघडायला हवे होते. माल हौद्यात असेपर्यंत लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणाकार केला आणि १००ने भागलं की ब्रास कळतात. एकदा शंकू झाला की माप त्यांच्या हातात.

ढिगाचा पाया २० फूट रुंद, टोकाची उंची ६ फूट. टेप मीच धरला होता, आकडे खरेच होते. मग जेसीबीवाला म्हणाला, “टोकाला सहा, कडंला शून्य, मंजे सरासरी तीन. सरळ हिशेब हाय, साहेब.” पायाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस फूट, गुणिले ३, झाले ९४२ घनफूट. मी मान डोलावली.

शंकूची सरासरी उंची टोकाच्या निम्मी नसते, एक तृतीयांश असते. दहावीला शिकवतात हे. कारण जागेवर उभं राहिलं तरी दिसतं: तीन फूट उंची लागते ती मध्यापासून ५ फुटांवर. त्या वर्तुळाच्या आतली जमीन जेमतेम ७८ चौरस फूट, बाहेरची २३५. म्हणजे तीन चतुर्थांश जागेवर माल तीन फुटांपेक्षा कमीच. सरासरी २ फूट, माल ६२८ घनफूट. एका वाक्यात ३.१४ ब्रास, म्हणजे १७,२७० रुपये गेले. व्यास घेता येत नसेल तर पायाभोवती टेप फिरवा. परिघाचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३७.७. इथे परिघ ६२ फूट १० इंच होता, उत्तर तेच येतं.

गडी थकलेले, पाऊस डोक्यावर, घाई होती. कुणीही फसलं असतं, असं मी स्वतःला सांगतो.

उरलेले ६,९३० पाण्याने खाल्ले. माल ओलसर होता. ओलाव्याने कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि वाळू फुगते. पाच टक्के ओलाव्यालाही घनफळ पाव पटीने वाढू शकतं. पूर्ण भिजली की मात्र परत बसते. म्हणूनच परीक्षा सोपी आहे: सरळ उभ्या डब्यात न दाबता १० इंच ओली वाळू भरा. ती काढून ठेवा, डबा अर्धा पाण्याने भरा, वाळू परत टाका, सळईने ढवळा आणि बसू द्या. माझी ८ इंचांवर बसली. २ भागिले ८, फुगवटा २५ टक्के. ६२८ भागिले १.२५, म्हणजे खरा माल ५.०२ ब्रास, किंमत २७,६१० रुपये.

डबा नसेल तर बादली तोला. १५ लिटरची बादली कोरडी सँड भरून २५ किलो झाली, ओली भरून २१. ओली हलकी! हे पाहूनही कुणी ब्रासवर सौदा करत असेल तर त्याचं नशीब.

वजनात ही फसवाफसवी फार चालत नाही, कारण पाच टक्के पाणी वजनात पाचच टक्के भरतं. काट्याच्या पावत्या ड्रायव्हरकडे होत्या, मी त्या नंतर मागितल्या. दोन्ही गाड्यांचं मिळून निव्वळ २४.९ टन. पाणी वजा करून २३.७. या कोरड्या सँडचा एक ब्रास साधारण ४.७ टन भरतो, भागून पहा. पावती आधी मागा, पैसे नंतर.

आता तक्रारीचं. ठाण्यात ऐकवलं, “दिवाणी मामला आहे, सही तुमचीच आहे.” वजनमापं तपासणाऱ्यांच्या खिडकीवर कळलं की ते काटे आणि मापं तपासतात, ढीग नाही. रॉयल्टी बघणारे म्हणाले, पास बरोबर आहे, पुढचं आमचं नाही. ग्राहक म्हणून दाद मागावी तर सल्ला मिळाला की माल धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही. मग मी कोण? चार खिडक्या, तीन झेरॉक्स, दोन वेळा जेवणाची सुट्टी, आणि एकानेही शंकूचं घनफळ कागदावर काढून पाहिलं नाही. शेवटी एकाने विचारलं, “ढीग आहे का अजून?” नव्हता. स्लॅब पडून चार दिवस झाले होते.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, आमच्याकडं सगळे असंच मोजतात. ढिगाखाली मुरमाचा उंचवटा होता का, हे मी पाहिलंच नव्हतं. तुम्ही रिकाम्या जागेचा फोटो आधी काढा.