‘फ्रूट पील’च्या स्टिकरखाली ५० टक्के टीसीए निघालं

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी आरशासमोर बसून स्वतःच्या हाताने तोंडाला अ‍ॅसिड लावलं. ते अ‍ॅसिड आहे हे मला माहीत होतं, पण कुठलं आणि किती तीव्र हे माहीत नव्हतं, आणि ज्याने विकलं त्याने ते माहीत होऊ नये अशीच सोय केली होती. आज डाव्या जबड्याच्या कडेला बोटाच्या पेराएवढा जाड, चकचकीत व्रण आहे. गालावर रुपयाएवढा एक डाग आहे, तिथला रंग अजून परत आलेला नाही. माझ्यासारखं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून सगळं क्रमाने सांगते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. मे महिन्यात धाकट्या दिराचं लग्न होतं. फोटोत चेहरा बरा दिसावा एवढीच इच्छा. इन्स्टाग्रामवर एका पेजचा व्हिडिओ सारखा समोर येत होता: एक मुलगी ड्रॉपरने गालावर थेंब सोडते, सात दिवसांत त्वचा कागदासारखी सुटते आणि खालून गोरीपान. खाली लिहिलं होतं, ‘फ्रूट अ‍ॅसिड पील, शंभर टक्के नैसर्गिक, वांग कायमचे गायब’. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर लगेच उत्तर, “ताई, हे पपई आणि संत्र्याचं आहे, आमच्या घरचेही वापरतात.” ६४९ रुपये यूपीआयने पाठवले. चार दिवसांत कुरिअर आलं. आत काळ्या काचेची ३० मिलीची बाटली, ‘प्री-क्लीन्झर’ लिहिलेली छोटी बाटली आणि मराठी-हिंदीत छापलेला कागद.

मनगटाच्या आतल्या बाजूला आधी थोडं लावून पाहिलं होतं. कापसाच्या काडीने एक थेंब टेकवला, थोडं चुणचुणलं, मी पुसून टाकलं. काही झालं नाही, म्हणून निर्धास्त झाले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर विक्रेता मला म्हणाला, “तुम्ही पॅच टेस्ट केली नसेल.” केली होती. एक थेंब लगेच पुसून टाकला, तर तीन थर दिल्यावर काय होईल ते त्यातून कळत नाही. शिवाय मनगट मी त्या प्री-क्लीन्झरने पुसलं नव्हतं. चेहरा मात्र कागदात सांगितल्याप्रमाणे दोनदा चोळून पुसला. त्याला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास होता. त्वचेवरचं तेल असं पूर्ण काढून टाकलं की अ‍ॅसिड जास्त खोल जातं, हे मला दवाखान्यात कळलं.

कागदावर लिहिलं होतं: तीन थर, प्रत्येक थर पाच मिनिटं ठेवा. पहिला थर दोन्ही गालांवर लावला. मिरची लागल्यासारखी आग झाली. दीड-दोन मिनिटांत डावा गाल पांढरा पडायला लागला. आधी ठिपके, मग ते एकमेकांना मिळाले. मी घाबरून फोटो पाठवला. उत्तर आलं ते जसंच्या तसं देते, कारण सगळं नुकसान या एका उत्तरात आहे: “ताई घाबरू नका, पांढरं म्हणजे मेलानिन वर येतंय. धुऊ नका, धुतलं तर डाग पडतील. दुसरा कोट लावा.” तोवर आगही कमी झाली होती, त्यामुळे मला ते खरं वाटलं. दुसरा थर लावला. डावा गाल खडूसारखा सपाट पांढरा झाला आणि द्रव ओघळून जबड्याच्या कडेला साचला. तिसऱ्या थराआधी सासूबाई आत आल्या. त्यांनी चेहरा पाहिला आणि हाताला धरून मला नळाखाली नेलं. त्यांनी ओरडून नळ सोडला नसता तर मी तिसरा थरही लावला असता.

पुसता येतो त्या पांढऱ्या थरात आणि या पांढऱ्या रंगात फरक आहे, आणि तो फक्त बोट फिरवून कळतो. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं पील वाळलं की त्याची पांढरी पावडर त्वचेवर बसते. ओल्या कापसाने पुसली की जाते, खाली त्वचा तशीच. माझा पांढरा रंग पुसून जात नव्हता, कारण तो त्वचेवर नव्हता, त्वचेतच होता. अंडं शिजलं की पांढरं होतं तशी त्वचेतली प्रथिनं अ‍ॅसिडने गोठली होती. त्वचारोगतज्ज्ञ याला फ्रॉस्ट म्हणतात. मेलानिन वर येणं वगैरे काही नसतं. फ्रॉस्ट पातळ असेल आणि मधून लाली दिसत असेल तर इजा वरच्या थरांपुरती. मातीच्या भिंतीला चुना दिल्यासारखा घट्ट पांढरा, लाली अजिबात न दिसणारा असेल तर अ‍ॅसिड आतल्या थरात पोहोचलं आहे. आग थांबली तेव्हा मला बरं वाटलं होतं, पण या अ‍ॅसिडची आग फ्रॉस्ट पूर्ण झाल्यावर कमी होतेच. आग कमी झाली म्हणजे इजा थांबली असं नाही.

दुसऱ्या दिवशी चेहरा सुजला, तिसऱ्या दिवशी कातडी तपकिरी, चामड्यासारखी कडक झाली. विक्रेत्याने सांगितलं, “डेड स्किन आहे, ओलं करून हळूच ओढा.” पाचव्या दिवशी जबड्याजवळची खपली मी ओढली. रक्त आलं. तिथेच आज व्रण आहे.

सहाव्या दिवशी नाशिकमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी चेहरा नाही, बाटली मागितली. बरं झालं, मी फेकली नव्हती. बाटलीवरचं स्टिकर एका कोपऱ्यात सुटलं होतं. त्यांनी ते स्पिरिटने ओलं करून हळूहळू सोलून काढलं. खाली दुसरं छापील लेबल: ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, ५० टक्के, फक्त व्यावसायिक वापरासाठी. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. पपई नाही, संत्रं नाही. या अ‍ॅसिडलाच थोडक्यात टीसीए म्हणतात.

मग त्यांनी विचारलं, “याआधी चेहऱ्याला काय लावत होतात?” मेडिकलमधून वांगासाठी आणलेलं एक क्रीम तीन महिने लावत होते. चिठ्ठीशिवाय मिळालं होतं. त्या जातीच्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिन्ही मिळून असतं. ट्रेटिनॉइनने त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर पातळ होतो, आणि मग कुठलंही अ‍ॅसिड आत लवकर शिरतं. डॉक्टर पील करतात तेव्हा हे औषध कधी चालू ठेवायचं, किती दिवस आधी बंद करायचं हे ठरवूनच करतात. माझ्या बाबतीत क्रीमने पातळ झालेली त्वचा, रिमूव्हरसारख्या द्रवाने काढलेलं तेल आणि त्यावर ५० टक्के टीसीए असं एकावर एक झालं.

टीसीए हे औषध म्हणून खोटं नाही. दवाखान्यात ते वापरतात, पण साधारण १० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान, आणि सावळ्या-गव्हाळ त्वचेवर कमी तीव्रतेपासून सुरुवात करून. ५० टक्के आणि त्याहून वरचं चेहऱ्यावर पसरवलं की व्रण राहण्याचा धोका मोठा असतो. पहिला थर देऊन डॉक्टर थांबतात, फ्रॉस्ट बघतात आणि मगच पुढचं ठरवतात, कारण दर थराने अ‍ॅसिड आणखी खोल जातं. ‘पाच मिनिटं ठेवा’ ही सूचनाच या अ‍ॅसिडला लागू नाही. ग्लायकोलिक अ‍ॅसिड जितका वेळ ठेवाल तितकं काम करत राहतं आणि सोड्याच्या पाण्याने थांबवता येतं. टीसीए प्रथिनांशी जोडलं जाऊन आपोआप संपतं. एकदा गोठलेलं पाण्याने किंवा सोड्याने परत येत नाही. तरी त्याच क्षणी धुणं उपयोगाचं असतं, कारण वर उरलेलं अ‍ॅसिड निघून जातं आणि पुढचा थर चढत नाही. वाहतं थंड पाणी, निदान वीस मिनिटं. डॉक्टरांनी टूथपेस्ट, बर्फ, लिंबू आणि घरचा खायचा सोडा चोळणं या सगळ्याला सक्त मनाई केली. आम्ही टूथपेस्ट लावली होती, तेही सांगते.

उपचार फार साधे निघाले, पण वेळ खाणारे. जखम कोरडी पडू नये म्हणून दिवसातून अनेक वेळा व्हॅसलीनसारखं मलम, जबड्याच्या जखमेत संसर्ग होता म्हणून अँटिबायोटिक, आणि खपलीला हात लावायचा नाही. त्वचा भरून आल्यावर दोन्ही गाल आधीच्या वांगापेक्षा गडद तपकिरी झाले. आपल्यासारख्या त्वचेत भाजल्यानंतर हे बऱ्याचदा होतं, कारण दुखावलेली त्वचा जास्त रंग तयार करते. बाहेर पडताना रंगीत सनस्क्रीन आणि स्कार्फ, रात्री अझेलेइक अ‍ॅसिड. उजवा गाल आठ महिन्यांत बराच निवळला. डाव्या गालावर जिथे खडूसारखं झालं होतं तिथे उलट झालं: रंग बनवणाऱ्या पेशीच गेल्या, डाग पांढुरका राहिला. तिथला रंग परत येईल असं डॉक्टरांनी मला कधीही म्हटलं नाही. जबड्याच्या व्रणावर सिलिकॉन जेल चालू आहे आणि दीड महिन्याने एकदा त्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शन. ते दुखतं. व्रण सपाट होतो आहे, जात नाही.

पैशाचं म्हणाल तर ६४९ रुपयांच्या बाटलीमागे आजवर ३८ हजार गेले. विक्रेत्याने आधी ‘तुमची स्किन सेन्सिटिव्ह’ म्हटलं, मग नंबर बंद केला. पेज आम्ही रिपोर्ट केल्यावर गेलं आणि पंधरा दिवसांनी त्याच व्हिडिओसह दुसऱ्या नावाने आलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात बाटलीचे फोटो, लेबल, चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयची पावती देऊन लेखी अर्ज केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की भारतात विकल्या जाणाऱ्या प्रसाधनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी लागते. आयात केलेलं असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक लागतो. माझ्या बाटलीवर यातलं एकही नव्हतं, आणि मी ती घेताना बघितलंही नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझा अर्ज तयार आहे. अडचण एवढीच की यूपीआयवरचं नाव एका खासगी माणसाचं आहे आणि कुरिअरच्या पावतीवर पाठवणाऱ्याचा पत्ताच नाही.

तुमच्याकडे अशी बाटली असेल तर लेबलच्या कडा नखाने तपासा, खाली दुसरं लेबल आहे का बघा. घटकांत ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड किंवा नुसतं टीसीए दिसलं, किंवा यादीच नसली, तर ती लावू नका, आणि फेकूही नका. विकणारा ‘पांढरं पडलं तरी धुऊ नका’ म्हणाला तर त्याच क्षणी नळाखाली जा. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही घरी वापरायच्या तीव्र केमिकल पीलबाबत इशारा दिला होता, म्हणजे हा व्यापार आपल्यापुरता नाही.

माझी बाटली अजून घरात आहे. सासूबाईंनी ती पोरांच्या हाताला लागू नये म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर, झाकणाला चिकटपट्टी लावून, सुटलेल्या स्टिकरसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहे. आयोगापुढे तीच न्यायची आहे.