तलावातला गाळ कोणी काढायचा? सरकारी काम की मिळून चालवलेला कारभार

२०१६च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्यासाठी दोन कामं शेजारी शेजारी चालली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली आणि पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्याच उन्हाळ्यात ‘जलयुक्त लातूर’ या नावाखाली नागरिकांनी वर्गणी जमवून मांजरा नदीचं पात्र खोल आणि रुंद करायला घेतलं. रेल्वे आणण्यासाठी हुकूम लागतो, आणि तो देणारा कोण आहे हे ठरलेलं असतं. नदीपात्राचं काम सुरू करा असं मात्र कोणी कोणाला फर्मावू शकत नव्हतं. पैसा एकाचा, यंत्र दुसऱ्याचं, परवानगी तिसऱ्याची, असं ते काम उभं राहिलं.

सरकार आणि शासनव्यवहार यांतला फरक नेमका इथे दिसतो. सरकार म्हणजे ज्याला कायद्याने हुकूम करता येतो ती यंत्रणा. शासनव्यवहार म्हणजे सार्वजनिक निर्णय प्रत्यक्षात कसे होतात ती सगळी रीत, आणि तिच्यात सरकार हे अनेकांपैकी एक. ब्रिटिश राज्यशास्त्रज्ञ आर. ए. डब्ल्यू. ऱ्होड्स यांनी १९९०च्या दशकात ही कल्पना नेमकी मांडली: एकमेकांवर अवलंबून असलेल्या, पण एकमेकांच्या हाताखाली नसलेल्या संस्थांचं जाळं. आपल्याकडे ‘शासनव्यवहार’ म्हटलं की लोक ‘सुशासन’ समजतात. तसं नाही. जाळ्याचा कारभार चांगलाही असू शकतो आणि वाईटही.

मराठवाड्यातल्या ग्रामपंचायतीपुढे ही निवड दर उन्हाळ्यात येते, ती गावतलावाच्या किंवा पाझर तलावाच्या गाळाच्या रूपाने. काम विभागाकडून निविदा काढून करून घ्यायचं, की ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून संस्था, शासन आणि शेतकरी यांनी मिळून करायचं? आपण दोन्ही वाटा याच एका कामावर तपासू.

निविदेची वाट

मृद व जलसंधारण विभागाचे अभियंते सर्वेक्षण करतात आणि दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक होतं. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश असा क्रम असतो. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि बिल निघतं. या वाटेचं बळ त्या पुस्तिकेत आहे. किती खोदलं, कोणी मोजलं, कोणी सही केली, हे तिच्यात असतं. माहिती अधिकारात ती मागता येते आणि लेखापरीक्षणात तपासली जाते. चूक झाली तर बोट कोणाकडे दाखवायचं हे गावाला ठाऊक असतं.

तिची अडचण वेळेची आणि गाळ टाकायच्या जागेची आहे. तलाव कोरडा पडतो मार्च-एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये पाऊस येतो. हातात जेमतेम आठ-दहा आठवडे. मान्यतेला उशीर झाला, एखादी फेरनिविदा निघाली, की तो मोसम गेला. दुसरी अडचण जास्त मुळाशी जाते. ठेकेदाराला पैसे मिळतात ते खोदण्याचे आणि अंदाजपत्रकात धरलेल्या वाहतुकीचे. गाळ लांब नेणं त्याला महाग पडतं, म्हणून तो काठावरच ढीग घालतो. पहिल्या जोराच्या पावसात त्यातला बराचसा परत तलावात उतरतो.

जाळ्याची वाट

ही योजना २०१७ मध्ये आली तेव्हा वाटणी अशी होती: यंत्र स्वयंसेवी संस्थेने आणायचं, बहुधा कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीतून, इंधन शासनाचं, आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. काठावरच्या ढिगाचा प्रश्न यात आपोआप सुटला, कारण ज्याला गाळ हवा आहे तोच तो उचलून शेतात नेतो. विभागाला जे ठाऊक नसतं, म्हणजे कोणाचं रान बरड आहे आणि कोणाचा ट्रॅक्टर रिकामा आहे, ते गावाला ठाऊक असतं.

पण वाहतूक शेतकऱ्यावर टाकल्याने दुसरी चूक घडली. ज्याचा स्वतःचा ट्रॅक्टर आणि तलावालगत शेत, त्याने गाळ नेला. दोन एकरवाला कोरडवाहू शेतकरी बघत राहिला. २०२३च्या शासन निर्णयाने वाटणी बदलली. यंत्र आणि इंधन मिळून घनमीटरला ३१ रुपये शासन देणार. अल्पभूधारक, अत्यल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरी यांना वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे मिळणार, एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी ३७,५०० रुपये. ठराव करण्यापूर्वी चालू वर्षाचा दर तालुक्याच्या जलसंधारण कार्यालयात विचारून घ्यावा.

आता एक तलाव हिशेबापुरता धरू. काढण्याजोगा गाळ १२,००० घनमीटर. खोदाईचे ३१ रुपयांनी ३,७२,००० रुपये होतात. एकरी ४०० घनमीटर गाळ पसरला तर थर साधारण दहा सेंटिमीटरचा, म्हणजे चार बोटांहून थोडा जास्त, बसतो. इतक्या गाळाला तीस एकर रान लागतं, आणि अडीच एकरांची मर्यादा धरली तर किमान बारा लाभार्थी. सगळे पात्र असतील तर वाहतुकीचं अनुदान ४,२९,००० रुपयांपर्यंत जातं. तलावात जागा वाढते सव्वा कोटी लिटरच्या जवळपास, म्हणजे दहा हजार लिटरचे १,२०० टँकर. अर्थात बाष्पीभवन आणि पाझर वजा जाता हाती येणारं पाणी यापेक्षा कमीच असतं.

यात घोळ होतो तो मोजण्याच्या पद्धतीत. खोदलेला गाळ सैल झाला की फुगतो, साधारण पाव हिश्शाने तरी. १२,००० घनमीटरचा खड्डा ट्रॉलीत भरला की १५,००० घनमीटर भरतो. ट्रॉल्या मोजून बिल केलं तर न खोदलेल्या ३,००० घनमीटरचे ९३,००० रुपये जातात, आणि त्यात कोणी खोटं बोललंय असंही नाही. म्हणून खोदाईआधी आणि नंतर तलावाच्या तळाच्या पातळ्या घ्याव्या लागतात, आणि पैसे खड्ड्याच्या मापावर द्यावे लागतात. ट्रॉल्यांची वही ठेवायची ती फक्त कोणाच्या शेतात किती गेला हे कळण्यासाठी. वहीतला आकडा आणि खड्ड्याचं माप यांत पाव हिश्शाहून फारच जास्त फरक दिसला, तर तिथे थांबून विचारायला हवं.

दुसरी खूण डोळ्यांना दिसते. काळा गाळ संपून पिवळसर मुरूम लागला की खोदाई थांबली पाहिजे. त्याखाली जाणं म्हणजे मुरमाची चोरी, आणि साठवण तलाव असेल तर त्याच्या तळाचा पाणी धरून ठेवणारा थरही फुटतो. पाझर तलावात पाझर वाढलेला चालतो, साठवण तलावात नाही. वाळू तर योजनेत काढताच येत नाही. भिंतीच्या पायथ्याशी खोदलं तर भिंत कमकुवत होते. या तिन्ही गोष्टी यंत्र चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी चुन्याची रेघ आखून दाखवाव्या लागतात. संस्थेचा माणूस रात्रपाळीला हजर नसेल तर पहाटे ती रेघ पुसलेली असते.

उत्तर देणार कोण

जाळ्याच्या कारभाराचं खरं दुखणं हे आहे. मुरूम गेला तर संस्था म्हणते ‘यंत्रवाल्याने केलं’, यंत्रवाला म्हणतो ‘सरपंचांनी सांगितलं’, विभाग म्हणतो ‘काम संस्थेचं होतं’. प्रत्येकाचं थोडं खरं असतं आणि पूर्ण जबाबदारी कोणाचीच नसते. निविदेत असं होत नाही असं नव्हे, पण तिथे सही एकाची असते. म्हणून जाळ्याची वाट धरायची तर सही कोणाची हे आधी लिहून घ्यावं: पातळ्या कोण घेणार, रोज हजर कोण राहणार, काम थांबवण्याचा अधिकार कोणाला. थांबवण्याचा अधिकार शासकीय अभियंत्याकडेच ठेवावा असं आमचं ठाम मत आहे, कारण ज्याला गाळ हवा आहे त्याला ‘आता पुरे’ म्हणता येत नाही.

बाजाराच्या बाजूचीही एक मर्यादा ध्यानात घ्यावी. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, पण कामाचं गाव त्या निवडतात, आणि कायदाच त्यांना आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. कारखाने वाळूज, शेंद्रा, जालना इथे असताना हिंगोलीतल्या कोपऱ्यातल्या गावाने या निधीची वाट बघत बसू नये. शासनाच्या दरावर काम करणारी संस्था शोधावी. मात्र तिच्याकडे बिल येईपर्यंत यंत्राचं भाडं भरायची ऐपत आहे का, हे आधी पाहावं. अनुदान उशिरा आलं की लहान संस्था काम अर्धवट सोडते.

मग निवड कशावर करायची

गाळ काळा आहे, दोन-तीन किलोमीटरच्या आत बरड रान आहे आणि गाळ नेणारे शेतकरी नावानिशी तयार आहेत, तर जाळ्याची वाट सरस. सांडवा फुटलाय, भिंत गळतेय, विमोचकाची झडप बिघडलीय, तर निविदाच हवी. ते काम उचलून शेतात नेता येत नाही, म्हणून त्यात कोणी आपणहून घाम गाळणार नाही, आणि चुकलं तर खालची वस्ती धोक्यात येते. गाळ भारी काळ्या रानात टाकायचा बेत असेल तर दोन्ही वाटा सोडाव्यात. तिथे निचरा बिघडतो, फायदा होत नाही. गाळाची क्षारता माती परीक्षणातून आधी पाहावी, नाहीतर चांगलं रान चोपण होतं.

आणि काही निर्णय जाळ्याकडे सोपवताच येत नाहीत. जायकवाडीचं उदाहरण घ्या. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४च्या आदेशात ठरवलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर नगर-नाशिककडच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. वरच्या शेतकऱ्यांनी हे खुशीने कधीच मान्य केलं नसतं. नको म्हणणाऱ्याकडून घेऊन दुसऱ्याला द्यायचं असतं तिथे कायद्याचा हुकूमच लागतो.

गावतलावातही असे नको म्हणणारे असतात, फक्त ते बैठकीला येत नाहीत. तळ उघडा पडल्यावर गाळपेर करणारी कुटुंबं खोदाईने पेरणी गमावतात. मासेमारीचा ठेका घेतलेल्या सोसायटीला तळातलं उरलंसुरलं पाणी उपसून द्यायला नको असतं. संस्था, कंपनी आणि ट्रॅक्टरवाले यांच्या जाळ्यात या दोघांना जागा नसते, कारण त्यांच्याकडे देण्यासारखं काहीच नसतं. म्हणून ग्रामसभेची नोटीस फक्त चावडीवर न लावता गाळपेरवाल्यांना आणि सोसायटीला लेखी द्यावी, आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात येईपर्यंत संस्थेला ठरावाची प्रत देऊ नये.